तेराशे वीस भागिले बावीसशे

शिष्यवृत्तीची तात्पुरती यादी लागल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेतून थेट निघाले, अ‍ॅप्रन हातावर तसाच. ऑफिससमोरच्या फलकावर दोन तक्ते होते. वरचा पात्र विद्यार्थ्यांचा, खालचा अपात्र. वरच्यात माझ्या मैत्रिणीचं नाव लगेच सापडलं. माझं नव्हतं. खालच्या तक्त्यात मी नवव्या क्रमांकावर होते आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'टक्केवारी ५९.९०, किमान अट पूर्ण नाही.'

अट ६० टक्क्यांची होती. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक निधी ठेवला आहे, त्यातून एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांना वर्षाला अठरा हजार रुपये मिळतात. घरून येणाऱ्या पैशात होस्टेल भागतं, मेस भागत नाही, म्हणून ही शिष्यवृत्ती मी धरूनच चालले होते. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'हरकती असल्यास सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात कार्यालयात सादर कराव्यात.' त्या ओळीचा फोटो काढून मी परत प्रयोगशाळेत गेले. टायट्रेशन अर्धवट होतं, पण ब्युरेटमधलं वाचन घेताना माझं लक्ष आकड्यापेक्षा दशांश चिन्हाकडेच जात होतं.

त्या रात्री मी पहिलं पत्र लिहिलं. दोन पानं. सोयाबीन भिजलं ते लिहिलं, बाबांचं गुडघ्याचं दुखणं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की ५९.९० म्हणजे जवळजवळ ६०च, तरी कृपया पूर्णांकात धरून मला पात्र करावं. ते पत्र मी मामाला फोनवर वाचून दाखवलं. मामा जिल्हा परिषदेत आहे, त्याचा सगळा जन्म आवक-जावक नोंदवह्यांमध्ये गेला. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाळ, हा विनंती अर्ज झाला. त्यांनी हरकत मागवलीय. हरकत म्हणजे तुमचं इथे चुकलंय असं दाखवणं. तुला चूक सापडलीय का?"

मला चूक सापडली नव्हती. मी ती शोधलीच नव्हती. ५९.९० हा आकडा त्यांनी छापला म्हणून मी खरा धरला होता, आणि त्याला वर ढकलायची भाषा शोधत बसले होते.

माझ्या खोलीत एलएल.बी. करणारी एक मुलगी राहते. तिला मी विचारलं की पूर्णांकात धरायची मागणी करता येते का. ती म्हणाली, मागता येते, मिळणार नाही. तिने मला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा एक निकाल दाखवला. ओडिशा लोकसेवा आयोगाची न्यायिक सेवेची परीक्षा होती. मुलाखतीला बोलावण्यासाठी लेखी परीक्षेत एकूण ४५ टक्के हवे होते, उमेदवाराला ४४.९३ होते. उच्च न्यायालयाने ते ४५ धरायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. नियमात किमान ४५ लिहिलं आहे आणि पूर्णांकात धरण्याची तरतूद नियमात नाही, तर ती बाहेरून आणता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आमची शिष्यवृत्ती म्हणजे सरकारी भरती नव्हे, तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होतो असं तिचं म्हणणं नव्हतं. पण कुठल्याही समितीच्या मनात उत्तर हेच असणार, हे मला पटलं.

त्यावर मी बराच वेळ विचार केला. पूर्णांकात धरायचं तर ५९.५ सुद्धा ६० होतात. मग अट ६०ची राहतच नाही, ती ५९.५ची होते, आणि ५९.४८ वाली कुणीतरी माझ्यासारखीच पत्र घेऊन उभी राहते. शिवाय किती घरांपर्यंत धरायचं यावर सगळं अवलंबून. एकही दशांश नको म्हटलं तर मी ६०, एक दशांश म्हटलं तर ५९.९, दोन म्हटलं तर ५९.९०. तीच मी, तेच गुण. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षरही नव्हतं. तेव्हा तो रस्ता मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही वर्षांची गुणपत्रकं पलंगावर मांडली. आमच्या विद्यापीठाच्या त्या वेळच्या पद्धतीत बी.एस्सी.चं पहिलं वर्ष ६०० गुणांचं होतं, दुसरं आणि तिसरं ८०० गुणांचं. पर्यावरणाच्या पेपरला फक्त श्रेणी होती, ती बेरजेत येत नव्हती. हे मुद्दाम पाहून घेतलं, कारण एखादा विषय बेरजेत आहे की नाही यावरच पुष्कळदा घोळ होतो. प्रत्येक पेपरपुढे पेन्सिलीने बारीक टिंब देत मी गुण पुन्हा मिळवले. पहिल्या वर्षाला ३५३, दुसऱ्याला ४७८, तिसऱ्याला ४८९. तिन्ही बेरजा गुणपत्रकांशी जुळल्या.

आधी मला संशय आला तो दशांशाच्या काटछाटीचा. पहिल्या वर्षाचे ३५३ भागिले ६०० म्हणजे ५८.८३३३ असं पुढे चालूच राहतं. गुणपत्रकावर ५८.८३ छापलंय. तिसऱ्या वर्षाचे ४८९ भागिले ८०० म्हणजे बरोबर ६१.१२५, तिथे शेवटचा ५ वर घेतला तर ६१.१३, नुसता कापला तर ६१.१२. या कापाकापीतच माझा शून्य दशांश एक टक्का गेला असेल असं वाटलं. पण हिशेब केल्यावर ते टिकेना. दोन दशांशांपर्यंत नीट धरलं तर प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त ०.००५चा फरक पडतो. तीन आकड्यांची सरासरी घेतली तरी तो तेवढाच, त्याहून जास्त होऊच शकत नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाचे ६१.१३ घेतले काय आणि ६१.१२ घेतले काय, सरासरी ५९.९०च येत होती. मी ६०पासून ०.१० लांब होते, म्हणजे काटछाटीने पडू शकणाऱ्या फरकाच्या वीसपट. एवढी दरी दशांशाने पडत नाही. ती दुसऱ्या कशाने तरी पडली होती.

मग मी टक्केवाऱ्या बाजूला ठेवल्या आणि नुसते गुण मिळवले. ३५३ अधिक ४७८ अधिक ४८९. उत्तर १३२०. एकूण गुण ६०० अधिक ८०० अधिक ८००, म्हणजे २२००. आणि २२००चे ६० टक्के किती, तर १३२०.

मी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर ते तीनदा केलं. प्रत्येक वेळी पडद्यावर ६० आलं, पुढे एकही दशांश नाही. पूर्णांकात धरलेलं ६० नव्हे, मुळातलंच ६०. त्याहून एक गुण कमी असता तर १३१९ भागिले २२००, म्हणजे ५९.९५, आणि मग माझ्याकडे लिहायला काहीच उरलं नसतं. त्या एका गुणाचा विचार आला की अजूनही पोटात गोळा येतो. दुसऱ्या वर्षाच्या भौतिकच्या प्रात्यक्षिकात मी लेन्सचं अंतर एकदा चुकवलं होतं, आणि सरांनी पुन्हा मोजायला वेळ दिला होता.

आता प्रश्न एवढाच होता की मग ५९.९० आलं कुठून. त्याचं उत्तर ऑफिसात मिळालं. शिष्यवृत्तीचं काम बघणारे भाऊसाहेब मला आधीपासून ओळखत होते. मी तक्रार करायला आलेली नाही, हिशेब समजून घ्यायला आलेय असं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि पडदा माझ्याकडे वळवला. एक्सेलची साधी शीट होती. नाव, पहिल्या वर्षाची टक्केवारी, दुसऱ्याची, तिसऱ्याची, आणि शेवटी सरासरी. माझ्या ओळीतल्या शेवटच्या घरावर त्यांनी क्लिक केलं आणि वर सूत्र दिसलं, साधारण असं:

```
=AVERAGE(D2:F2)
```

५८.८३, ५९.७५ आणि ६१.१३ मिळवून भागिले तीन. बस्स.

मी विचारलं, "भाऊसाहेब, तिन्ही वर्षांचे एकूण गुण सारखे नाहीत, तरी तीननेच भागायचं?" ते म्हणाले, "अगं, अर्जातच फक्त टक्केवारी मागितलीय. गुण माझ्याकडे आलेच नाहीत, तर मी भागू कशाला कशाने?" त्यांचं खरं होतं. मी माझ्या अर्जाची प्रत काढून पाहिली. रकाने तीन, तिन्ही टक्केवारीचे. मिळालेले गुण आणि पैकी गुण कुठेच विचारलेले नव्हते. गुणपत्रकांच्या प्रती मागे जोडलेल्या होत्या, पण शंभरावर अर्जांच्या प्रती उघडून गुण कोण लिहीत बसणार? चूक तिथे होती, अर्जाच्या रकान्यात.

दोन पद्धतींमध्ये फरक का पडतो हे मला स्वतःला नीट समजल्याशिवाय पत्र लिहायचं नव्हतं, म्हणून ते मी वहीत मांडून पाहिलं. एकूण गुणांवरून टक्केवारी काढली की प्रत्येक गुणाची किंमत सारखी असते, तो पहिल्या वर्षाचा असो की तिसऱ्या. टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की मात्र प्रत्येक वर्षाला सारखं वजन मिळतं. पहिलं वर्ष ६००चं आणि पुढची ८००ची, तरी तिन्हींना एकतृतीयांश. म्हणजे पहिल्या वर्षाचा एक गुण चार मोलाचा झाला तर पुढच्या वर्षांचा तीन मोलाचा होतो. माझं पहिलं वर्ष सगळ्यात कच्चं. गावातून आल्यावर इंग्रजीतून शिकायची सवय व्हायला सहा महिने गेले, ते त्या ३५३ मध्ये दिसतात. सरासरीने नेमकं तेच वर्ष मोठं करून मोजलं. ज्यांचं पहिलं वर्ष चांगलं गेलं आणि पुढे गुण घसरले, त्यांना हीच सरासरी वर उचलत असणार.

हे वाक्य वहीत लिहिलं आणि माझा हात थांबला. मला असं एक माणूस माहीत होतं.

माझी मैत्रीण आणि मी प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असतो. ती दुसऱ्या महाविद्यालयातून आली, पण विद्यापीठ तेच. तिचं पहिलं वर्ष खूप चांगलं गेलं होतं, ६००पैकी ३७२, म्हणजे बरोबर ६२ टक्के. नंतर तिच्या आईचं आजारपण आलं. दुसऱ्या वर्षाला ४७६, तिसऱ्याला ४७०. मला हे तोंडपाठ होतं, कारण अर्ज आम्ही शेजारी बसून भरले होते. तिची सरासरी ६०.०८ होती. एकूण गुण १३१८, आणि १३१८ भागिले २२०० म्हणजे ५९.९१.

माझी हरकत मान्य झाली तर माझं नाव वर जाणार होतं आणि तिचं खाली येणार होतं. दोन दिवस मी तिला काही बोलले नाही. टेबलावर आम्ही एकमेकींना पिपेट देत होतो, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये मी गुणपत्रकाच्या झेरॉक्सच्या मागे दोघींचा हिशेब शेजारी शेजारी मांडला आणि तिच्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "मी हे पत्र देणार आहे. पण तू आधी बघ." तिने सगळ्या बेरजा स्वतः केल्या, ताटातलं वरण गार होईपर्यंत. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "माहितीपत्रकात काय लिहिलंय नेमकं?"

तोपर्यंत मी अट मनातल्या मनात '६० टक्के' एवढीच म्हणत होते. तिने विचारल्यावर आम्ही माहितीपत्रक काढलं. वाक्य असं होतं: 'पदवीच्या तिन्ही वर्षांच्या एकूण गुणांपैकी किमान ६० टक्के गुण मिळालेले असावेत.' ती दोनदा वाचून म्हणाली, "एकूण गुणांपैकी लिहिलंय. सरासरी कुठेच नाही. आणि किमान लिहिलंय, जास्त नाही, म्हणजे बरोबर साठ चालतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दे तू पत्र. उद्या दुसऱ्या कुणी दिलं तरी माझं असंच होणार आहे. तुझ्याकडून कळलेलं बरं."

मी आधीचं दोन पानांचं पत्र फाडलं आणि नवीन लिहिलं. मामाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पत्रात मागणी एकच असू दे, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या कागदावर आहे ते लिही, म्हणजे वाचणाऱ्याला उठून फाइल शोधावी लागणार नाही. पत्र असं झालं:

प्रति, मा. प्राचार्य व अध्यक्ष, शिष्यवृत्ती समिती.

विषय: शिष्यवृत्तीच्या तात्पुरत्या यादीतील टक्केवारीच्या गणनेबाबत हरकत.

संदर्भ: तात्पुरती यादी, अपात्र तक्ता, अनुक्रमांक ९, तसेच माहितीपत्रकातील पात्रतेची अट.

महोदय, वरील यादीत माझी टक्केवारी ५९.९० दाखवून मला अपात्र ठरविण्यात आले आहे. ही टक्केवारी माझ्या तीन वर्षांच्या टक्केवाऱ्यांची (५८.८३, ५९.७५ व ६१.१३) सरासरी आहे व सरासरी म्हणून ती बरोबर आहे. मात्र माहितीपत्रकातील अट 'तिन्ही वर्षांच्या एकूण गुणांपैकी किमान ६० टक्के' अशी आहे. माझे प्रथम वर्ष ६०० गुणांचे व पुढील दोन वर्षे प्रत्येकी ८०० गुणांची असल्याने सरासरी व एकूण गुणांची टक्केवारी यांत फरक पडतो.

प्रथम वर्ष: ६०० पैकी ३५३ (जोडपत्र १). द्वितीय वर्ष: ८०० पैकी ४७८ (जोडपत्र २). तृतीय वर्ष: ८०० पैकी ४८९ (जोडपत्र ३). एकूण: २२०० पैकी १३२०. टक्केवारी: १३२० × १०० ÷ २२०० = ६०.

ही टक्केवारी पूर्णांकात धरलेली नाही व तशी धरावी अशी माझी मागणीही नाही. माझी विनंती एवढीच की, अटीत लिहिल्याप्रमाणे माझी तसेच सर्व अर्जदारांची टक्केवारी एकूण गुणांवरून काढण्यात यावी. तसे केल्यास काही अर्जदारांच्या पात्रतेत दोन्ही बाजूंनी बदल होऊ शकतो, याची मला जाणीव आहे.

आपली विश्वासू, आणि खाली सही.

'तसेच सर्व अर्जदारांची' हे शब्द मामाला नको होते. त्याचं म्हणणं, आपल्यापुरतं बोल, जगाचा हिशेब कशाला अंगावर घेतेस. पण ते शब्द नसते तर मला तेवढं सोडवून बाकीची यादी सरासरीवरच ठेवता आली असती, आणि मग एकाच यादीत दोन मापं झाली असती. मैत्रिणीचं नाव टिकलं असतं, हे खरं. पण तिच्यासारखीच्या उलट, माझ्यासारखी अजून कुणी अपात्र तक्त्यात पडून असेल आणि तिने बेरीज करून पाहिली नसेल, तर तिचं काय? ते शब्द मी ठेवले. शेवटचं वाक्य मैत्रिणीने सुचवलं, तिच्याच भाषेत.

पाचव्या दिवशी पत्र दिलं, साक्षांकित प्रती जोडून. भाऊसाहेबांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक आणि तारीख घातली. ती पोच अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचं परत काढावं लागणार." मी म्हटलं, गुण लिहायला मी आणि अजून दोघी येऊन बसतो. ते नको म्हणाले. दुसऱ्यांची गुणपत्रकं विद्यार्थ्यांच्या हातात देता येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

समितीने मला बोलावलं तेव्हा प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांचे एक प्रतिनिधी होते. प्रश्न विचारले ते मुख्यतः संख्याशास्त्राच्या सरांनी. ते म्हणाले, "सरासरी काढणं चूक नाही. प्रत्येक वर्षाला सारखं महत्त्व द्यावं असं एखाद्याचं मत असू शकतं. मग तुझीच पद्धत का घ्यायची?"

मी म्हटलं, "सर, तसं ठरवलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण माहितीपत्रकात एकूण गुण लिहिलंय. अर्ज मी ते वाचून केला."

"आणि तुझा फायदा ज्यात आहे ते पाहून तू नियम वाचलास का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी खरं ते सांगितलं. "हो सर, आधी फायदाच बघितला. आधी तर मी ५९.९०ला ६० धरा असं लिहिणार होते. नियम नंतर वाचला." सर काही बोलले नाहीत, पत्रावर पेन टेकवून त्यांनी १३२०च्या खाली रेघ ओढली आणि बाजूला स्वतः भागाकार करून पाहिला. माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी विचारलं, याने कुणाचं नाव जाईल का. मी म्हटलं, एकाचं जाईल हे मला माहीत आहे, त्या व्यक्तीलाही माहीत आहे, नाव तुम्ही काढाल तेव्हा दिसेलच. त्यावर खोलीत जरा वेळ शांतता होती.

मग सर्व अर्जदारांकडून एक पानाचा तक्ता मागवला गेला: वर्ष, मिळालेले गुण, पैकी गुण. भाऊसाहेबांनी शीटमध्ये सहा रकाने वाढवले. सूत्र त्यांनी मला दाखवलं:

```
=SUM(G2:I2)/SUM(J2:L2)*100
```

एक गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगितली आणि त्यांनी ती केली. घरात किती दशांश दिसतात यावर पात्रता ठरवायची नाही. एक्सेलमध्ये घराचं स्वरूप 'दशांश नको' असं ठेवलं की ५९.९१ सुद्धा पडद्यावर ६० दिसतं, आत मात्र ५९.९१च असतं. डोळ्यांनी यादी वाचणारा त्याला पात्र समजेल आणि सूत्र अपात्र ठरवेल. म्हणून त्यांनी सरळ गुणांची तुलना लावली, मिळालेल्या गुणांची शंभरपट आणि पैकी गुणांची साठपट. माझ्या बाबतीत दोन्ही बाजूंना १,३२,०००. भागाकारच नाही, म्हणून दशांशच नाही.

अंतिम यादी आठवड्याभराने लागली. माझ्या नावापुढे ६०.०० होतं. मैत्रिणीच्या नावापुढे ५९.९१. आणखी एक मुलगा खालून वर गेला होता, ज्याला मी ओळखतही नव्हते. तो फलकासमोर उभा राहून आपलं नाव पुन्हा पुन्हा बोटाने दाखवत होता आणि त्याला काय घडलं ते कळत नव्हतं.

मैत्रीण त्या दिवशी प्रात्यक्षिकाला आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, आणि आम्ही नेहमीसारखं काम केलं, नेहमीपेक्षा कमी बोलून. मी पहिल्या हप्त्यातून तिला काही द्यावं का, असा विचार माझ्या मनात आला होता. तिला विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारलं असतं तर तिला आवडलं नसतं.

महिन्याभराने ती एक अर्ज घेऊन माझ्या खोलीवर आली. एका विश्वस्त संस्थेची शिष्यवृत्ती, रक्कम थोडी कमी. तिने अटीच्या ओळीखाली आधीच पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती: 'पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या टक्केवारीची सरासरी किमान ६०.' इथे खरोखरच सरासरी लिहिली होती. आम्ही पलंगावर बसून आकडे भरले. ६२.००, ५९.५०, ५८.७५. बेरीज १८०.२५, भागिले तीन. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे तुझे किती?"

"५९.९०," मी म्हटलं.

तिने शेवटच्या रकान्यात ६०.०८ लिहिलं, खाली सही केली आणि पोचेसाठी दुसरी प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली.